‘खालून’ म्हणजे नेमकं कुठून? रुग्णाचे उघडेवाघडे शब्द डॉक्टरांपर्यंत नेताना

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात एका सकाळच्या ओपीडीत चार भाषा सहज कानावर पडतात. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडून आलेली आजी कन्नड बोलते, मोहोळ-बार्शीचा शेतकरी मराठी, आणि कुणी दख्खनी. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या ऑल इंडिया कोट्यातून भरतात, त्यामुळे समोर बसलेला निवासी डॉक्टर बिहारचा असेल, केरळचा असेल. या दोघांच्या मध्ये कुणीतरी उभं राहतं. कधी सिस्टर, कधी वॉर्डातल्या मावशी, कधी समाजसेवा अधीक्षक, कधी संस्थेचा स्वयंसेवक, आणि बहुतेक वेळा नातेवाईकच. हे काम नव्यानं हातात घेतलेल्यांसाठी हा लेख आहे, आणि तो एकाच विषयावर आहे: कमरेखालच्या तक्रारी.

नव्या माणसाला वाटतं की अडचण शिवराळ शब्दांची आहे. माझा अनुभव उलटा आहे. ‘मुतताना आग होते’ हे वाक्य डॉक्टरांना सगळं सांगतं. ‘खाली त्रास होतो’ हे वाक्य काहीच सांगत नाही. रुग्णानं उघडा शब्द वापरला की जागा, बाजू आणि काय झालंय ते बहुतेक वेळा नेमकं कळतं. ते नेमकेपण आपण लाजेपोटी पुसतो आणि डॉक्टरांच्या हाती एक सभ्य, गुळगुळीत, निरुपयोगी वाक्य देतो. ते पुसलं जाऊ नये म्हणून काय करायचं, ते क्रमानं सांगते.

आधी वही, मग तोंड

एक वही घ्या आणि प्रत्येक अवयवासाठी, प्रत्येक क्रियेसाठी तीन रकाने पाडा: डॉक्टरांचा शब्द, घरातला शब्द, उघडा शब्द. लघवी करणं, लघवीला जाणं, मुतणं. शौच, परसाकडं किंवा संडासला जाणं, हागणं. वृषण, गोटी किंवा गोळी, आंड. शिश्न, लघवीची जागा, लवडा. योनी, मायांग, पुच्ची. गुदद्वार, संडासची जागा, गांड. वाचताना अवघडलात तर तो अवघडलेपणा इथंच, घरी, वहीसमोर संपवायचा आहे. रुग्णासमोर त्याला जागा नाही.

शब्द नुसते लिहून भागत नाही, ते मोठ्यानं म्हणावे लागतात. सहकाऱ्याला समोर बसवा. त्यानं रुग्ण व्हायचं आणि तोंडाला येईल तसं बोलायचं, तुम्ही दुसऱ्या भाषेत सांगायचं. त्यानं फक्त तीन गोष्टी पाहायच्या: त्या शब्दाआधी तुम्ही थबकता का, त्या शब्दाला तुमचा आवाज खाली जातो का, आणि ओठांच्या कडेला हसू येतं का. रुग्ण हे तिन्ही ओळखतो. एकदा का त्याला कळलं की आपला शब्द या बाईंना झेपत नाही, की पुढचं सगळं तो ‘तसंच काहीतरी होतंय’ म्हणून गुंडाळतो. शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, ‘ताई, बाईमाणसानं हे असं बोलायचं?’ बोलायचं. सिस्टर कॅथेटर घालते तेव्हा तिला कुणी हे विचारत नाही. तिच्या हाताला जे काम, तेच आपल्या तोंडाला.

वहीत आणखी एक खूण करा. जे शब्द दोन जागांना लागू होतात त्यांच्यापुढं फुली मारा. ‘ढुंगण’ हा शब्द बसायच्या मांसाला लागतो आणि संडासच्या जागेलाही. ढुंगणावर गळू आलंय म्हणजे कुठं, ते विचारल्याशिवाय कळत नाही. पुष्कळ बायका ‘लघवीची जागा’ हा शब्द सगळ्याच भागासाठी वापरतात, आणि लघवीचं छिद्र वेगळं, योनीमार्ग वेगळा. या फुल्या पुढं उपयोगाला येतील.

पेशंट आत येताना

खोलीत आल्यावर पहिलं काम जागेचं. दुभाषानं रुग्णाच्या बाजूला, किंचित मागं उभं राहावं, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे बघतात. तपासणीच्या वेळी पडद्याबाहेर उभं राहा, आवाज आत पोचला म्हणजे झालं. नातेवाइकांना बाहेर थांबवण्याची विनंती डॉक्टरांकडूनच करवून घ्या. तुम्ही सांगितलं तर भांडण होतं, डॉक्टरांनी सांगितलं तर नियम होतो.

मग रुग्णाला दोन वाक्यं सांगा. मी अशी सांगते: ‘तुम्ही घरी ज्या शब्दात बोलता त्याच शब्दात सांगा, मी तसंच्या तसं डॉक्टरांना सांगणार. इथलं बोलणं मी बाहेर कुणाला सांगत नाही.’ डॉक्टरांनाही एक वाक्य: ‘पेशंट जसं बोलेल तसंच मी बोलेन, शब्द माझे नसतील.’ एवढं झालं की पुढं ‘मी’ म्हणजे रुग्ण. ‘तो म्हणतोय की त्याला दुखतंय’ असं नाही, ‘मला दुखतंय’. स्वतःचं काही बोलायचं असेल तर ‘दुभाषी बोलतेय’ असं म्हणून बोलायचं. अमेरिकेत वैद्यकीय दुभाषांसाठी नॅशनल कौन्सिल ऑन इंटरप्रिटिंग इन हेल्थ केअर या संस्थेनं २००५ मध्ये कामाचे निकष ठरवले. बोललेलं सगळं सांगावं, ते उद्धट वाटलं तरी सांगावं, हे त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडं या कामाला परवाना वगैरे काही लागत नाही, म्हणून तर हे नियम आपले आपणच पाळायचे.

एक पेशंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता एक प्रसंग घेऊ. प्रसंग रचलेला आहे, पण त्यातली एकही गोष्ट नवलाची नाही.

सकाळचे साडेसहा. कॅज्युअल्टीत सतरा वर्षांचा मुलगा, बरोबर मामा. मुलगा वाकून, पाय जवळ घेऊन बसलाय. डॉक्टर हिंदी बोलणारे. मामा सांगतो, ‘पोट दुखूलालंय ओ ह्याचं, ओकला पन.’ मामा खोटं बोलत नाही, मुलानंच त्याला तसं सांगितलंय. या वयाची मुलं घरच्यांपुढं पोटाचंच नाव घेतात, आणि दुखणं खरंच ओटीपोटापर्यंत चढत असतं. डॉक्टरांचा हात पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडं जाणार, कारण या वयात पोटदुखी आणि उलटी म्हटलं की अपेंडिक्स आठवतं.

मामाला बाहेर बसवलं. दुभाषीनं ती दोन वाक्यं सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, कब से, कहाँ? मुलगा खाली बघून म्हणाला:

‘पहाटं चारला झोपेतनं उठलो ते ह्याच्यानंच. डावी गोटी. वर चढल्यागत झालीय, हात लावू देत न्हाई. दोनदा ओकलो.’

इथं नव्या माणसाच्या तोंडून हमखास जे निघतं ते असं: ‘सर, नीचे की तरफ़ दर्द है, उल्टी भी हुई।’ ऐकायला बरं वाटतं. पण त्यातून वेळ गेली, अवयव गेला, बाजू गेली, आणि ‘वर चढली’ हे सगळ्यात मोलाचं गेलं. दुसरी चूक थोडं शिकलेल्यांची: ‘अंडकोष में सूजन है।’ शब्द शुद्ध झाला, पण मुलगा सूज म्हणालाच नव्हता. सूज येणं वेगळं, वर चढणं वेगळं.

बरोबर सांगणं असं: ‘सुबह चार बजे इसी दर्द से नींद खुली। बाईं गोटी। ऊपर चढ़ी हुई लगती है, हाथ नहीं लगाने देती। दो बार उल्टी हुई।’ आणि लगेच, स्वतःच्या नावानं: ‘दुभाषी बोल रही हूँ, गोटी यानी अंडकोष।’ रुग्णाचा शब्द तसाच पोचला, अर्थही पोचला, आणि कोणता शब्द कुणाचा ते डॉक्टरांना कळलं.

‘वर चढली’ला एवढं महत्त्व का? वृषण ज्या नळीवजा दोरीला लटकतं ती पिळली गेली की रक्तपुरवठा तुटतो, आणि पीळ बसल्यामुळं ते वृषण खरोखरच वर खेचलं जातं, आडवंही पडतं. यालाच टॉर्शन म्हणतात. बारा ते अठरा या वयात हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि पुष्कळदा झोपेतच सुरू होतं. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण सहा तासांत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. बारा तासांनंतर आशा झपाट्यानं कमी होते, चोवीस तासांनंतर ते क्वचितच वाचतं. चारला दुखायला लागलं आणि साडेसहाला मुलगा टेबलावर आहे, म्हणजे अडीच तास आधीच गेलेत. अपेंडिक्सच्या शंकेनं सोनोग्राफीच्या रांगेत तो आणखी चार तास बसला असता तर काय झालं असतं, हा हिशेब तुम्हीच करा.

डॉक्टरांचे पुढचे प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला रुग्णाकडं एक घरगुती शब्द असतो. लघवीला जळजळ होते का? मुलगा म्हणाला, ‘मुतायला काय न्हाई.’ ताप? नाही. मार लागला? नाही. आधी कधी असं झालं होतं? इथं मुलगा थांबला, मग म्हणाला, ‘दिवाळीत झालतं, आपोआप उतरली.’ ‘उतरली’ काय, दुखणं की गोटी? हे दुभाषीनं ठरवायचं नाही. ‘दुभाषी बोलतेय, एक गोष्ट विचारून घेते’ असं डॉक्टरांना सांगून मुलाला विचारायचं. तो म्हणाला, दोन्ही. हे उत्तर मोठं आहे. पीळ स्वतःहून बसतो आणि सुटतो असं आधी एखाद्या वेळी झालेलं असू शकतं. उलट, दुखणं दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढलं, ताप आला, मुतताना आग झाली, तर डॉक्टर संसर्गाकडं झुकतात. म्हणजे ‘मुतायला काय न्हाई’ हे तीन शब्दही निदानाचा भाग आहेत, ते गाळायचे नाहीत.

एक इशारा. तुम्हाला हे सगळं माहीत झालं म्हणून ‘सर, टॉर्शन वाटतंय’ असं म्हणू नका. रुग्ण जे बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालणं ही शब्द गाळण्याइतकीच मोठी चूक आहे. आणि ‘आंड उतरलंय’ असं कुणी म्हणालं तर तेही तसंच पोचवा. ते बहुधा अंतर्गळाबद्दल किंवा अंडवृद्धीबद्दल असतं, पुष्कळदा जुनं असतं. चढणं आणि उतरणं यांत गल्लत झाली तर दोन वेगळ्या आजारांची गल्लत होते.

डॉक्टरांकडून परत रुग्णाकडं

परतीच्या वाटेवर उलटा प्रश्न येतो. डॉक्टर म्हणाले, ‘अंडकोष की नस मरोड़ गई है, अभी ऑपरेशन करना होगा।’ तुम्ही ‘अंडकोषाची नस पिळली गेलीय’ म्हणालात आणि मुलगा नुसता बघत राहिला. तेव्हा स्वतःच शब्द बदलू नका. डॉक्टरांना सांगा: ‘दुभाषी बोल रही हूँ, अंडकोष शब्द समझ में नहीं आया। उसका अपना शब्द इस्तेमाल करूँ?’ ते हो म्हणतात, नेहमीच म्हणतात. मग: ‘तुझ्या डाव्या गोटीची नस पिळली गेलीय, रक्त जात नाही. आत्ता ऑपरेशन करायचं.’ रुग्णाला स्वतःचा शब्द डॉक्टरांच्या खोलीत परत ऐकू आला की तो प्रश्न विचारायला लागतो.

आणि मग अवघड वाक्य येतं. डॉक्टर सांगतात की आत गोटी मेलेली निघाली तर काढावी लागेल, आणि दुसऱ्या बाजूची पण टाका घालून जागेवर बसवणार. इथं प्रेमानं, चांगल्या मनानं दुभाषी शब्द मऊ करतात: ‘बघू म्हणतायत, होईल बरं.’ तसं करू नका. ही ऑपरेशनची संमती आहे. ‘मेली असंल तर काढावी लागंल’ हे त्याला आणि, तो अठराच्या आतला असल्यानं, त्याच्या आईवडिलांना त्याच भाषेत कळलं पाहिजे. मुलगा विचारतो, ‘मग लग्न झाल्यावर पोरं व्हनार न्हाईत का?’ हा प्रश्नही जसाच्या तसा डॉक्टरांकडं जातो, उत्तर तुमच्याकडून नाही.

शब्द उघडा नसेल तेव्हा

बायकांच्या बाबतीत पुष्कळदा अडचण उलटी असते. त्या झाकूनच बोलतात, आणि आपण ते झाकण तसंच पुढं सरकवतो.

पन्नाशी उलटलेली बिडी कामगार बाई म्हणते, ‘खालून रगत जातंय.’ ‘खालून’ म्हणजे तीन जागा: लघवीतून, अंगावरून, संडासच्या जागेतून. पाळी बंद होऊन वर्ष उलटलेल्या बाईच्या अंगावरून रक्त गेलं तर डॉक्टर गर्भाशयाचा कॅन्सर नाही ना, हे तपासल्याशिवाय सोडत नाहीत. तेच रक्त संडासवेळी जात असेल तर तपासणी वेगळी, बहुधा विभागही वेगळा. म्हणून आधी ‘नीचे से खून जाता है’ असंच सांगा, आणि लगेच म्हणा की हा शब्द तीन जागांना लागतो, विचारू का? मग बाईला विचारा: ‘मुतताना दिसतं, का हागायला बसल्यावर, का नुसतं कपड्याला लागतं?’ इथं उघडा शब्द तुम्ही आधी वापरलात की ती मोकळी होते. बहुतेक वेळा ती सुटकेचा श्वास टाकून म्हणते, ‘न्हाई ओ, कपड्याला लागतंय.’ तरीही शंका राहिली तर कागदावर बाह्यरेषा काढून बोट ठेवायला सांगा. स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवू नका, त्यातून दोघींचा संकोच वाढतो.

‘अंगावरून जातंय’ याला रंग विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका, पांढरं का लाल. ‘अंग बाहेर येतंय’ हे मोठ्या बाईनं म्हटलं तर पिशवी खाली सरकणं असू शकतं, आणि लहान मुलाच्या आईनं म्हटलं तर संडासवेळी गुदद्वाराचा भाग बाहेर येणं. दोन्ही ठिकाणी शब्द तोच असतो.

पुरुषांचे दोन शब्द ध्यानात ठेवा. मधुमेहाच्या ओपीडीत ‘उभं राहत न्हाई’ असं कुणी म्हणालं तर पायांची तक्रार समजून सांगणारे दुभाषी मी पाहिलेत. मधुमेहात दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात, म्हणून विचारा. आणि ‘धात जाते’. हे ‘डिस्चार्ज’ म्हणून कधीच सांगू नका. काहींना लघवीबरोबर वीर्य जातं आणि त्यानं अशक्तपणा येतो अशी भीती असते, काहींना खरोखर पू येत असतो, ज्याला जुनी माणसं परमा म्हणतात. डॉक्टरांना ‘धात’ हाच शब्द सांगा, मग रुग्णाला विचारा: रंग कसा, कधी, चड्डीला डाग पडतो का, मुतताना आग होते का. पिवळा डाग आणि आग असेल तर औषध वेगळं. नुसती भीती असेल तर तिला धीर लागतो, अँटिबायोटिक नाही.

शिव्या

दुखण्यानं कळवळून कुणी ‘आयला, मेलो’ म्हणतो, कुणी त्याच्या पुढचं म्हणतो. तेही सांगायचं, त्याच जोरानं, कारण दुखणं किती आहे ते त्यातून कळतं. शिवी डॉक्टरांना असेल तरी सांगायची, आधी फक्त ‘दुभाषी बोलतेय, पुढचं पेशंटचं आहे’ एवढं म्हणून. गाळलीत तर डॉक्टरांना रुग्णाचा राग कळत नाही, आणि तो औषध न घेता निघून जातो तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

तेलुगू, कन्नडच्या घरात

मधे तिसरी भाषा आली तर वहीला आणखी दोन रकाने जोडा. कन्नडमध्ये लघवीला ‘उच्चे’ म्हणतात आणि खेड्यात तो रोजचा शब्द आहे. तेलुगूत त्याच्याजवळचा ‘उच्च’ शहरी माणसाला उघडा वाटतो. एका भाषेतला रोजचा शब्द दुसऱ्या भाषेत उघडा ठरू शकतो, म्हणून तोल त्या भाषेतूनच मापा, मराठीच्या कानानं नाही. वृषणाला तेलुगू पेशंट ‘वट्टलु’ म्हणेल, कन्नड पेशंट ‘तरडु’. माहीत नसलेला शब्द आला तर अंदाज बांधू नका. शेजारच्या वॉर्डातल्या मावशींना विचारा, पण फक्त शब्द विचारा, कुणाचा आणि कशाबद्दल ते नाही.

काम संपल्यावर केसपेपरवर डॉक्टरांनी काय लिहिलं ते विचारा. रुग्णाचं मूळ वाक्य अवतरणात लिहून ठेवायची विनंती करा: ‘डावी गोटी वर चढली, पहाटे ४ पासून’. पाळी बदलल्यावर दुसरा डॉक्टर येतो, तेव्हा त्याला तुम्ही भेटणार नसता, हा कागदच भेटणार असतो. आणि त्या दिवशी नवा शब्द ऐकला असेल तर त्याच संध्याकाळी तो वहीत, योग्य रकान्यात.